प्रत्येक कडे नायट्याचे नसते

त्वचेवर गोल कडे उमटले की आपल्याकडे, विदर्भातल्या खेड्यांत, त्याला नायटा किंवा गजकर्ण म्हणून लोक मोकळे होतात आणि मेडिकलमधून मलमाची ट्यूब घरी येते. यवतमाळकडच्या एखाद्या कापूस वेचणाऱ्या बाईचे उदाहरण घेऊ. तिच्या उजव्या हाताच्या पाठीवर चार महिन्यांपासून रुपयाएवढे कडे आहे, नायट्याच्या दोन ट्यूब संपल्या आहेत, आणि कडे मात्र जसेच्या तसे आहे.

त्या कड्यावरून बोट फिरवल्यास कडेला बारीक, टणक पुळ्यांची माळ लागते, पण ती गुळगुळीत असते. कोंडा सुटत नाही आणि खाजही जवळपास नसते. ही खूण ग्रॅन्युलोमा ॲन्युलेअर या त्वचाविकाराची आहे. नायट्याची बुरशी त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत थरातील केराटिनवर जगते, म्हणून तिथे पापुद्रे निघतात आणि खाज सुटते. ग्रॅन्युलोमा ॲन्युलेअरमध्ये मात्र दाह खालच्या थरात असतो. तिथल्या कोलॅजेनच्या तंतूंची झीज होते, त्यांच्याभोवती शरीराच्याच संरक्षक पेशी गोळा होतात आणि त्यांच्या दाटीमुळे वरची धड त्वचा उचलली जाते. यात जंतू नसल्यामुळे हा विकार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हाताला असे कडे आहे म्हणून कोणाला स्वयंपाकापासून दूर ठेवणे हा त्या बाईवर निव्वळ अन्याय आहे.

तरीही केवळ गुळगुळीतपणावर विसंबू नये. बाजारातील अनेक मिश्र मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड असते. त्याने नायट्याची खाज आणि कोंडा दबतो, बुरशी मात्र आत पसरत राहते, आणि असा दबलेला नायटा अनुभवी डोळ्यालाही चकवतो. म्हणून कोणते मलम किती दिवस लावले, हे डॉक्टरांना सांगावे आणि शक्य तर रिकामी ट्यूबच दाखवावी.

शंका असल्यास डॉक्टर कड्याची कडा हलकेच खरवडतात, तो चुरा काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवतात आणि काही मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशी असेल तर तिचे फांद्या फुटलेले धागे दिसतात. आधीच बुरशीचे मलम लावलेले असेल तर धागे न दिसण्याची शक्यता राहते, त्यामुळे एका नकारात्मक तपासणीने प्रश्न मिटेलच असे नाही. तेव्हा काही मिलिमीटरचा त्वचेचा तुकडा काढून तपासतात. कोलॅजेनभोवती पेशींचे कुंपण दिसले की निदान पक्के होते.

आपल्या उदाहरणातील बाईच्या कड्यात धागे सापडले नाहीत आणि तुकड्यात ते कुंपण दिसले, असे समजू. मग तिने बुरशीची औषधे थांबवावीत. त्रास नसेल तर उपचाराची गरजही नसते, कारण हातापायांपुरती मर्यादित कडी निम्म्याहून अधिक रुग्णांत सुमारे 2 वर्षांत आपोआप मावळतात. मात्र पुष्कळदा ती पुन्हा येतात आणि बहुधा त्याच जागी. कडे दिसणे नकोसे वाटत असेल तर त्वचारोगतज्ज्ञ कड्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात, पण त्याने त्या जागची त्वचा पातळ होऊन खड्डा पडू शकतो. अंगभर पसरलेली कडी मात्र अधिक चिवट असतात, आणि अशा रुग्णांची रक्तातील साखर तपासून घेतलेली बरी.