हजारी दहा आणि हजारी सहा

सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला होता, जुन्या वस्तीत माणसं जास्त मरतात कारण तिथल्या बिल्डिंगांना वास्तुदोष आहे. मी दुर्लक्ष केलं असतं, पण त्याच रविवारी भाची लॅपटॉप घेऊन आली, पब्लिक हेल्थचा कोर्स करतेय, आणि तिची असाइनमेंट बघतो तर नेमकं हेच प्रकरण.

दोन वस्त्या, सरावासाठी बनवलेले आकडे. अ म्हणजे जुनी वस्ती, आपली गिरगावसारखी समजा, आणि ब नवी, तरुण पोराबाळांची. दोन्हीकडे लोकसंख्या एक लाख. वर्षात अ मध्ये 1040 मृत्यू, ब मध्ये 590. म्हणजे हजारी 10.4 आणि 5.9, याला ढोबळ मृत्युदर म्हणतात. "मामा, ब चांगली ना?" म्हटलं थांब, आधी वय बघ.

अ मध्ये चाळिशीच्या आतले 40 हजार, 40 ते 64 चे 40 हजार आणि पासष्टीपुढचे 20 हजार. या तीन गटांत हजारी मृत्यू अनुक्रमे 1, 5 आणि 40. ब मध्ये माणसं 70 हजार, 25 हजार आणि फक्त 5 हजार, आणि हजारी मृत्यू 2, 8 आणि 50. नीट बघा, ब मध्ये प्रत्येक वयात माणूस जास्त मरतोय, तरी एकूण आकडा कमी दिसतो, कारण मरायच्या वयाची माणसंच तिथे थोडी आहेत. 2020 मध्ये जपानचा ढोबळ मृत्युदर हजारी 11 च्या आसपास होता आणि भारताचा 6, म्हणून कोणी जपानला वास्तुदोष लावत नाही.

मग उपाय काय, तर दोन्ही वस्त्यांचे दर एकाच काल्पनिक लोकसंख्येवर, म्हणजे प्रमाण लोकसंख्येवर, चालवायचे. तिला सरांनी दोन्ही वस्त्यांची बेरीज घ्यायला सांगितलेली, म्हणजे 1 लाख 10 हजार, 65 हजार आणि 25 हजार, एकूण दोन लाख. (जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी एक ठरलेली लोकसंख्या दिलीय, देशादेशांची तुलना बऱ्याचदा तीवर होते.) अ चे दर या लोकांना लागू झाले असते तर 110 अधिक 325 अधिक 1000, म्हणजे 1435 मृत्यू, ब चे लावले तर 220 अधिक 520 अधिक 1250, म्हणजे 1990. दोन लाखांनी भागा, अ हजारी 7.2, ब हजारी जवळपास 10. चित्र उलटं झालं.

भाचीचं उत्तर मात्र 14.35 येत होतं. तिने 1435 ला अ च्याच एक लाखाने भागलेलं, ही चूक फार कॉमन आहे. पकडायची युक्ती सोपी, प्रमाण लोकसंख्या म्हणून अ चीच दुप्पट करून घाला आणि त्याच पद्धतीने गणित करा, तर अ साठी मूळचं 10.4 परत यायलाच हवं, नाही आलं तर भागाकारात घोळ आहे.

आता माझा आवडता भाग. 7.2 हा आकडा कुठल्याच खऱ्या वस्तीचा नाही. प्रमाण म्हणून ब ची लोकसंख्या घेतली तर अ चा दर 3.95 येतो, म्हणजे तो एकटा आकडा घेऊन काही उपयोग नाही, त्याच प्रमाणावरच्या दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवला तरच अर्थ. आणि त्यातही एक गंमत. समजा ब मधल्या म्हाताऱ्यांचा दर 50 ऐवजी 30 आहे, बाकी सगळं तेच. बेरजेची लोकसंख्या घेतली तर अ 7.2, ब 7.45, ब वाईट. अ ची लोकसंख्या घेतली तर अ 10.4, ब 10, आता अ वाईट! दर एकमेकांना क्रॉस करत असतील, म्हणजे तरुणांत एक वस्ती पुढे आणि म्हाताऱ्यांत दुसरी, तर निकाल प्रमाण लोकसंख्या ठरवते. अशा वेळी एका आकड्यावर न थांबता वयोगटांचं टेबल शेजारी छापायचं, मी तिला तेच करायला लावलं.

"पण मामा, म्हातारे कमी मरतील कसे, तरुण जास्त मरत असताना?" प्रश्न बरोबर आहे. मुंबईत एक कारण सरळ आहे, म्हातारी माणसं शेवटी गावी जातात. 1969 च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, राहत्या पत्त्याला ती नीट जोडली नाही तर वरचा आकडा घटतो आणि खालची लोकसंख्या मात्र जनगणनेतली तशीच राहते. उलट मोठं हॉस्पिटल असलेल्या वॉर्डात बाहेरगावचे पेशंट दगावले तर ते त्या वॉर्डाच्या खात्यात पडू शकतात. वयाचं कितीही प्रमाणीकरण करा, हे दुरुस्त होत नाही.

आमचे आप्पा चाळीस वर्षं लालबागला राहिले. नोंद कोकणातल्या ग्रामपंचायतीत आहे, आणि रेशनकार्डावर नाव पुढे दोन वर्षं मुंबईतच होतं.