अर्थाच्या आधीचा कंस

‘आय हॅव मेनी एक्स्पीरियन्सेस इन टीचिंग.’ नोकरीच्या अर्जात असं लिहिणाऱ्याने कोश उघडला नव्हता असं नाही. ‘अनुभव’ हा अर्थ दिसला आणि त्याने कोश मिटला. अर्थाच्या आधी एक छोटा चौकटी कंस होता, तो वाचायचा राहिला.

इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेल्या कोशात ‘एक्स्पीरियन्स’च्या पहिल्या अर्थाला ‘यू’ हे अक्षर असतं. म्हणजे अगणनीय. काम करून अंगी आलेली जाण मोजता येत नाही, म्हणून तिला अनेकवचन नाही आणि आधी ‘ॲन’ही लागत नाही. जरा खाली गेलात की ‘सी’ अक्षर भेटतं. तिथला अर्थ आपल्यावर गुदरलेला प्रसंग, आणि असे प्रसंग चार असू शकतात. मराठीत ‘दहा वर्षांचा अनुभव’ आणि ‘प्रवासातले अनुभव’ या दोन्हींना एकच शब्द पुरतो, म्हणून आपण हटकून इथेच घसरतो. ही खूण अख्ख्या शब्दाची नसून त्या-त्या अर्थाची असते.

या खुणा रुळवल्या ए. एस. हॉर्नबी यांनी. जपानमध्ये इंग्रजी शिकवताना त्यांनी दोन सहकाऱ्यांसोबत केलेला कोश 1942 साली तिथेच छापला गेला. त्यात क्रियापदांच्या वाक्यरचनांना क्रमांक दिले होते. क्रमांकाचा अर्थ लावायला पानं उलटावी लागत. आताचे कोश रचना सरळ शब्दांतच लिहितात, हे बरं झालं.

‘सजेस्ट’ काढून बघा. ‘त्याने मला थांबायला सुचवलं’ हे मनात असलं की आपण ‘ही सजेस्टेड मी टू वेट’ लिहून मोकळे होतो. नोंदीत ‘सजेस्ट डूइंग समथिंग’ आहे, ‘सजेस्ट दॅट’ आहे, ‘सजेस्ट समथिंग टू समबडी’ आहे. आपली रचना मात्र कुठेच नाही. जे दिलेलं नाही तेही वाचायचं असतं. ‘सजेस्ट समबडी फॉर समथिंग’ सापडेल, पण त्यात त्या माणसाचंच नाव सुचवलं जातं. मग आपल्या वाक्याचं काय करायचं? ‘ही सजेस्टेड दॅट आय वेट’ म्हणा, किंवा ‘ॲडव्हाइज’ घ्या. त्याच्या नोंदीत ‘समबडी टू डू समथिंग’ आहे.

उदाहरणवाक्यं बहुतेक जण गाळतात. ‘शी सजेस्टेड दॅट ही वेट’ अशा वाक्यात ‘वेट’ला ‘स’ का नाही, इथे थबकलात तर नियम न वाचताच कळतो. शब्दाच्या शेजारी नेहमी कोण बसतं, तेही तिथेच दिसतं.

तिरप्या अक्षरातली लेबलं सांगतात, शब्द कुणासमोर आणि कुठे चालतो. ‘मी 2015 ला पास आउट झालो’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. कोशात ‘पास आउट’चा पहिला अर्थ शुद्ध हरपणं. शिक्षण पूर्ण करण्याचा अर्थही आहे, पण त्यावर ब्रिटिश असं लेबल असतं आणि व्याख्येत लष्करी प्रशिक्षण संस्थेचा उल्लेख. परदेशी कंपनीला अर्ज करताना ‘ग्रॅज्युएटेड’ लिहावं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, हा 2015 साली चक्कर येऊन पडला होता.