तुंबलेला कमोड आणि सेप्टिक टँकचे घर

मनोरी खाडीपलीकडे, गोराईच्या बाजूला माझ्या आत्याचे जुने बैठे घर आहे. तिथल्या अनेक घरांप्रमाणे त्या घरातला मैलाही महापालिकेच्या मलवाहिनीत न जाता अंगणातल्या सेप्टिक टँकमध्ये जातो. गेल्या वर्षी जुलैत तिथला कमोड तुंबला. फ्लश केल्यावर पाणी उतरण्याऐवजी काठाच्या चार बोटे खाली येऊन थांबले. घाबरून दुसऱ्यांदा फ्लश करण्याची चूक आत्याने केली नाही, हे बरे झाले, कारण टाकीतले सहा ते दहा लिटर पाणी त्या भांड्यात मावलेच नसते. आम्ही प्रथम भिंतीवरचा अँगल कॉक बंद केला.

त्यानंतरचे काम अडथळा नेमका कुठे आहे हे ओळखण्याचे होते. कमोडच्या खाली नळीला एक वळण असते, त्याला ट्रॅप म्हणतात. त्यात सुमारे ५० मिलिमीटर पाणी कायम साचून राहते आणि त्यामुळे टँकमधली दुर्गंधी घरात येत नाही. हेच वळण अरुंद असल्याने बहुतेक वस्तू तिथेच अडकतात. अडथळा ट्रॅपमध्ये असेल तर तेवढा एकच कमोड तुंबतो. उलट, फ्लश केल्यावर शेजारच्या नहाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज येऊ लागला किंवा तिथून पाणी वर आले, तर अडथळा पुढच्या पाइपमध्ये, चेंबरमध्ये किंवा खुद्द टँकमध्ये असतो, आणि तिथे प्लंजरचा उपयोग नाही. आम्ही नहाणीत एक बादली पाणी ओतले आणि ते विनातक्रार निघून गेले. म्हणजे अडथळा कमोडच्या ट्रॅपमध्येच होता.

बाजारात प्लंजर दोन प्रकारचे मिळतात. साध्या वाटीचा प्लंजर बेसिन किंवा मोरीच्या सपाट तळासाठी असतो. कमोडसाठी वाटीच्या आतून खाली आलेली रबरी कड असलेला प्लंजर लागतो. ती कड कमोडच्या तोंडात शिरून बसली की कडेने पाणी निसटत नाही. प्लंजर मुळात काठी खुपसून घाण पुढे ढकलण्याचे साधन नाही. तो पाण्याच्या स्तंभाला मागेपुढे हलवतो आणि ते पाणी अडथळ्याला हलवते. पाणी दाबले तरी त्याचे आकारमान जवळजवळ बदलत नाही, त्यामुळे हाताचा दाब थेट अडथळ्यापर्यंत पोचतो. वाटीत हवा राहिली तर मात्र ती हवाच स्पंजासारखी दबते आणि सारी मेहनत तिच्यातच विरते. म्हणून वाटी पूर्ण बुडेल एवढे पाणी कमोडमध्ये हवे. कमी असल्यास ओतावे, फार असल्यास डबड्याने उपसून घ्यावे. प्लंजर तिरका करून पाण्यात घालावा, म्हणजे वाटीतली हवा बुडबुड्यांच्या रूपाने निघून जाते, आणि मग तो तोंडावर सरळ बसवावा.

पहिला दाब सावकाश द्यावा, नाहीतर उरलेली हवा जोराने बाहेर पडून घाण पाणी अंगावर उडते. त्यानंतर पकड न सुटू देता पंधरा-वीस वेळा दाबावे आणि ओढावे. बहुतेक जण दाबताना जोर लावतात आणि प्लंजर सहज वर येऊ देतात. माझ्या मते हे उलटे आहे. वर ओढताना अडथळ्याच्या अलीकडचा दाब कमी होतो आणि तो आला त्या वाटेने मागे सरकतो. घर सेप्टिक टँकचे असेल तर हे अधिकच महत्त्वाचे ठरते, कारण पुढे ढकललेली न विरघळणारी वस्तू नाहीशी होत नाही, ती फक्त टँकमध्ये पोचते. आत्याकडे बाराव्या की तेराव्या ओढीनंतर पाणी एकदम उतरले आणि वाटीच्या कडेला एक पांढरी चिंधी दिसली. हातमोजा घालून ती काढली तेव्हा समजले की ते नातवाला पुसण्यासाठी आणलेले ओले वाइप होते. साफ झाल्याची खात्री करताना आम्ही लगेच फ्लश न करता अर्धी बादली पाणी हळूहळू ओतले.

त्या पाकिटावर ‘फ्लश करण्यायोग्य’ असे छापलेले होते. हा दावा घरी तपासता येतो. एका बरणीत पाणी घेऊन त्यात टॉयलेट पेपरचा तुकडा आणि दुसऱ्या बरणीत वाइप टाकावे, झाकण लावून मिनिटभर हलवावे. कागदाचे आखूड तंतू एकमेकांना सैलसर चिकटलेले असतात, त्यामुळे पाणी मध्ये शिरताच ते सुटतात. वाइपचे तंतू लांब असून एकमेकांत गुंतवलेले असतात, आणि अनेकदा त्यांत पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक असते. आमच्या बरणीतले वाइप दुसऱ्या दिवशीही जसेच्या तसे होते.

टँकमध्ये जे घडते ते लक्षात घेतले की काय टाकू नये याची यादी पाठ करावी लागत नाही. टँकमध्ये जड पदार्थ तळाशी गाळ म्हणून बसतात, तेल-तूप आणि हलके पदार्थ वर सायीसारखे तरंगतात, आणि मधले पाणी शोषखड्ड्याकडे जाते. हे पाणी टँकमध्ये साधारण एक ते दोन दिवस थांबावे अशी रचना असते, आणि तळाशी साचून राहिलेल्या गाळाचा काही भाग प्राणवायूविना जगणारे जिवाणू हळूहळू पचवतात. बाहेर जाणाऱ्या पाइपचे तोंड मुद्दाम मधल्या थरात ठेवलेले असते. वाइप, सॅनिटरी पॅड, डायपर, कापूस, केस, निरोध, सिगारेटची थोटके यांतले काहीही जिवाणू सहजासहजी पचवू शकत नाहीत. पॅडमधली पाणी शोषणारी पूड तर कित्येक पट फुगते. या वस्तू सायीत गुंततात, बाहेरच्या पाइपचे तोंड बंद करतात किंवा शोषखड्ड्यात जाऊन त्याची पाझरण्याची शक्ती घटवतात. ओले अन्न, माशांचे पाणी किंवा कढईतले उरलेले तेल कमोडमध्ये ओतण्याची सवयही वाईट, कारण त्यामुळे साय वेगाने जाड होते.

कमोड तुंबला की मुंबईत हमखास ‘अ‍ॅसिड’ ओतले जाते. ते चिंधी विरघळवत नाही, आणि भरपूर प्रमाणात गेल्यास टँकमधले जिवाणू मारते. त्याहून मोठा धोका असा की त्यात ब्लीच मिसळले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. आधी कोणतेही रसायन ओतलेले असेल, तर त्या पाण्यात प्लंजर घालू नये, कारण उडणारा प्रत्येक थेंब डोळ्याला आणि त्वचेला भाजू शकतो.

त्याच घरात ऑगस्टमध्ये पुन्हा पाणी साचले, पण या वेळी फ्लश करताच नहाणी गुडगुडली. आठवडाभर पावसाची झड लागली होती, अंगण चिखलाने भरले होते आणि शोषखड्ड्याभोवतीची जमीन आधीच पाण्याने भरलेली असल्याने टँकचे पाणी मुरायला जागा नव्हती. चार दिवस कपडे धुणे आणि बादल्या भरून आंघोळ करणे कमी केले, पाऊस ओसरला आणि पाणी आपोआप खाली गेले. पाऊस थांबूनही ते उतरले नसते, तर मैला उपसणारी गाडी बोलवावी लागली असती. एरवीही दर दोन-तीन वर्षांनी टँक उपसून घ्यावाच लागतो. तो उघडून कुणालाही आत उतरवू नये. आतल्या हायड्रोजन सल्फाइडचा वास जास्त प्रमाणात नाकाला जाणवेनासा होतो, पण त्याने माणूस क्षणात बेशुद्ध पडू शकतो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टँकमध्ये उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आत्याने झाकणाजवळ ओणवून पाहण्याचीही मुभा कुणाला दिली नाही, पाइप टाकून उपसण्याचे काम गाडीवालेच करतात.