उजेड सहन होत नाही: मायग्रेन की कोरडे डोळे?

"ट्यूबलाइट बघवत नाही ओ, डार्क काच बसवून द्या" असं म्हणत माझ्या चष्म्याच्या दुकानात येणारे आठवड्याला दोघं-तिघं तरी असतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मायग्रेन आहे की डोळे कोरडे पडलेत हे धड माहीत नसतं. गोंधळ होणं साहजिकच आहे, कारण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची संवेदना आणि मायग्रेनचं दुखणं हे दोन्ही एकाच नसेतून मेंदूकडे जातं, ट्रायजेमिनल नर्व्ह म्हणतात तिला. त्यामुळे डोळा चुरचुरला तरी कपाळ दुखतं आणि डोकं उठलं तरी डोळ्यामागे ठणकतं.

खानापूरकडच्या एका वहिनींची केस सांगतो, सोसायटीच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर काम. महिन्यातनं दोन-तीनदा उजवी बाजू ठणकायची, मळमळायचं, कुकरची शिट्टीसुद्धा नको वाटायची, अंधारात पडलं की जरा बरं. हे सरळ मायग्रेन, उपचार नाही घेतला तर ४ ते ७२ तास चालतं आणि डोळा बहुतेक वेळा पांढराच राहतो. पण त्यांना रोज दुपारनंतरही उजेड टोचायचा, तेव्हा डोकं दुखत नव्हतं, डोळ्यात वाळू गेल्यासारखं व्हायचं, गाडीवर वारा लागला की जास्त, आणि पापणी मिटून उघडली की क्षणभर अक्षर साफ दिसायचं. ही सगळी कोरड्या डोळ्याची लक्षणं, पण घरात सगळ्यालाच मायग्रेन म्हणत होते.

डॉक्टरांनी पिवळा डाय घालून बघितलं तर अश्रूंचा थर ४ सेकंदात फुटत होता (१० च्या आत फुटला की कमीच धरतात), आणि कॉर्नियाच्या खालच्या भागात बारीक ठिपके उठले. मग बधिर करणारा एक थेंब घातला, मला ही टेस्ट फार आवडते, मिनिटभरात त्याच ट्यूबलाइटखाली त्या आरामात डोळे उघडून बसल्या. म्हणजे दुपारचा त्रास डोळ्याच्या पृष्ठभागाचा होता. पुढं डोकं उठलेल्या दिवशी तोच थेंब घातला तर काही फरक नाही, कारण ते दुखणं आतलं. एक लक्षात ठेवा, हा थेंब फक्त दवाखान्यातच, घरी नेऊन रोज घातला तर कॉर्निया खराब होतो.

मग उपचारही दोन झाले, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले टीअर ड्रॉप्स आणि पापण्यांना रोज १० मिनिटं कोमट शेक, आणि डोक्यासाठी वेगळे डॉक्टर.

आता काचांचं. वहिनी घरातही नवऱ्याचा काळा गॉगल घालून फिरायच्या, आणि तिथंच उलटं होत होतं, कारण सतत अंधारात ठेवलं की डोळा अंधाराला सरावतो आणि मग साधा बल्बही झोंबतो. काळी काच बाहेर उन्हात ठीक, कोरड्या डोळ्याला तर बाजूनं झाकणारी फ्रेम घ्या म्हणजे वाराही अडतो. ऑफिससाठी एफएल-४१ नावाचा गुलाबी टिंट येतो, तो साधारण ४८०-५२० नॅनोमीटरचा निळा-हिरवा भाग कमी करतो, आणि डोळ्यातल्या ज्या पेशींचा मायग्रेनमधल्या उजेडाच्या त्रासाशी संबंध जोडतात त्या ४८० च्या आसपासच सगळ्यात जास्त जाग्या होतात. १९९१ साली ब्रिटनमध्ये मुलांवर छोटा अभ्यास झाला होता, त्यात या टिंटनं अटॅक कमी झाले होते, पण छोटाच अभ्यास, त्यामुळे मी कुणाला गॅरंटी देत नाही. ब्लू-कट म्हणून जी काच विकतात ती वेगळी, ती साधारण ४५० च्या खालचंच थोडं कापते. फोटोक्रोमिक काच यूव्हीनं काळी होते, म्हणून कारच्या काचेमागे बसलं की नीट काळी होत नाही, हे लोकांना घेतल्यावर कळतं. वहिनींना एफएल-४१ दिली, दुपारचं चुरचुरणं ड्रॉप्सनं गेलं, मायग्रेन अजून येतो पण ऑफिसचा उजेड आता झेपतो म्हणतात.

पण एकच डोळा लाल, पाणी गळतंय, पापणी उघडवत नाही आणि धुरकट दिसतंय, असं असेल तर काच बसवायला येऊच नका, त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडं जा. आपल्याकडं ऊसतोडीच्या हंगामात पात्याचं टोक डोळ्याला लागतं आणि त्यातनं कॉर्नियाला बुरशीचा अल्सर होऊ शकतो, सुरवातीला साधा ओरखडाच वाटतो, पांढरा डाग नंतर दिसतो. मेडिकलवाल्याकडनं आणलेल्या ड्रॉप्समध्ये स्टिरॉइड असेल तर लाली दोन दिवस कमी होते आणि बुरशी आत वाढत जाते. म्हणून पात्याचा मार लागलेला असेल तर डॉक्टरला ते आधी सांगा, आणि कुठला थेंब घातलाय ती बाटली सोबत न्या.