दुर्खाइमचं ‘पवित्र’ आणि एलियाडचं ‘पवित्र’ एक नव्हे

धर्माच्या सिद्धांतांच्या पेपरात टायलरचा सर्वात्मवाद, मार्क्सची अफू, मॅलिनोस्कीची जोखमीच्या वेळची जादू, हे सगळ्यांना पाठ असतंय, एकदा नजर टाका आणि पुढं चला. घोळ होतोय तो ‘पवित्र आणि लौकिक’ या जोडीवर. ही जोडी समाजशास्त्रज्ञ दुर्खाइमनं १९१२ च्या ग्रंथात वापरली, धर्मांचा अभ्यासक एलियाडनं १९५७ च्या पुस्तकात, आणि पोरं उत्तरात दोघांची मिसळ करून ठेवतात.

पहिलं म्हणजे लौकिक म्हणजे वाईट असं लिहिणं बंद करा, लई डोकं उठतं. दुर्खाइमसाठी पवित्र म्हणजे वेगळं काढलेलं, ज्याला मनाई लागू आहे ते, आणि लौकिक म्हणजे रोजचं. प्रेत अशुभ असतं पण ते पवित्राच्याच बाजूला जातं, कारण त्याला कुणी सहज हात लावत नाही.

आता खरा फरक. चैत्रातली जोतिबाची सासनकाठी घ्या. बाजारात असतो तोवर तो नुसता बांबू. दुर्खाइम म्हणेल, बांबूत काहीच नाही, त्याला पावित्र्य गावानं दिलं. गाव एकत्र जमतं, गुलाल उधळला जातो, ‘चांगभलं’चा गजर होतो, अंगात जोर चढतो, यालाच तो सामूहिक उन्माद म्हणतो. तो जोर गावाचाच असतो पण माणसाला वाटतं काठीतनं येतोय, म्हणून काठी गावाची खूण होते, टोटेमसारखी. एलियाड बरोबर उलटीकडनं येतो. त्याच्या मते पवित्र आधीपासनं आहे आणि ते वस्तूतनं प्रकट होतं, याला तो पवित्राचं प्रकटन म्हणतो. उभी काठी मग आभाळ आणि जमीन जोडणारा विश्वाचा अक्ष ठरते, आणि तिला समाजशास्त्रात किंवा मानसशास्त्रात विरघळवून टाकणं त्याला अजिबात मान्य नाही.

गंमत म्हणजे दोघांनीही ऑस्ट्रेलियातल्या अरुंटा लोकांचीच, स्पेन्सर आणि गिलन यांनी जमवलेली माहिती वापरली, विधीतल्या खांबांसकट. दुर्खाइमला त्या खांबात कुळाची खूण दिसली. एलियाडनं त्यांच्यातल्या अचिल्पा गटाची कथा घेतली, पवित्र खांब मोडला तेव्हा सगळे जमिनीवर पडून मरणाची वाट बघत राहिले, म्हणजे त्याच्या मते त्यांच्या जगाचा मधला आधारच गेला.

उत्तर लिहून झालं की बघा, पावित्र्य कुठनं आलं ते लिहिलंय का. ‘समाजातनं’ असेल तर दुर्खाइम, ‘प्रकट झालं’ असेल तर एलियाड, आणि दोन्ही एकाच परिच्छेदात असतील तर खोडा आणि परत लिहा. मूल्यमापन विचारलं तर दुर्खाइमची अडचण म्हणजे एकांतात साधना करणारा माणूस, कारण गर्दीशिवायचा अनुभव त्याच्या चौकटीत नीट बसत नाही, आणि एलियाडची अडचण म्हणजे खरंच काही प्रकट झालं का हे तपासायची सोयच नाही. मला विचाराल तर पेपरात दुर्खाइम निवडा, उदाहरण पायरी पायरीनं मांडता येतं.