सत्रभराच्या वाचनाचा संश्लेषण तक्ता: विषयसूत्र, पद्धत आणि युक्तिवाद यांनुसार मांडणी

आमच्याकडे प्रबंधिका आणि प्रबंध मुद्रितशोधनासाठी, अक्षरजुळणीसाठी आणि बांधणीसाठी येतात. त्यांतील पूर्वसंशोधनाच्या आढाव्याच्या प्रकरणात बहुतेक वेळा एकच दोष आढळतो. प्रत्येक परिच्छेद एका लेखकाच्या नावाने सुरू होतो, त्या लेखकाचे म्हणणे सांगतो आणि संपतो, आणि पुढचा परिच्छेद पुढच्या लेखकाकडे वळतो. हा दोष मुद्रितशोधनाच्या टप्प्यावर दुरुस्त होत नाही, कारण तो भाषेत नसून त्याआधीच्या टिपणांत असतो. टिपणे पुस्तकागणिक काढली असली, तर लेखनही पुस्तकागणिकच होते. संश्लेषण तक्ता, म्हणजेच विद्यार्थी ज्याला सिंथेसिस मॅट्रिक्स म्हणतात तो, टिपणांची ही घडण बदलण्यासाठी असतो. आमच्या ग्राहकांना तो स्वतः तयार करता यावा म्हणून हे पत्रक काढले आहे.

उदाहरणासाठी समाजशास्त्राच्या एम. ए. अभ्यासक्रमातील जातिसंस्थेवरचे वाचन घेतले आहे, कारण त्यातील ग्रंथ आमच्या बहुतेक ग्राहकांच्या ओळखीचे आहेत.

तक्त्याच्या प्रत्येक आडव्या ओळीत एक वाचन येते. उभ्या रकान्यांपैकी पहिला ग्रंथाचा तपशील आणि आवृत्ती यांचा, दुसरा युक्तिवादाचा, तिसरा पद्धत व पुराव्याचा असतो आणि त्यापुढचे विषयसूत्रांचे असतात. आवृत्तीची नोंद अनावश्यक वाटते, पण ती टाळू नये. घुर्ये यांचा १९३२चा ग्रंथ पुढच्या आवृत्त्यांत शीर्षक आणि मजकूर बदलत गेला. द्युमाँ यांच्या १९६६च्या फ्रेंच ग्रंथाचे १९७०चे इंग्रजी भाषांतर आणि १९८०ची सुधारित इंग्रजी आवृत्ती यांतील पृष्ठांकही एकमेकांशी जुळत नाहीत. तक्त्यातल्या प्रत्येक नोंदीपुढे पृष्ठांक लिहायचा असल्याने तो कोणत्या आवृत्तीचा, हे आधीच ठरलेले असावे.

युक्तिवादाचा रकाना सर्वांत आधी भरावा आणि तो पूर्ण वाक्यात भरावा. ‘जातीची उत्पत्ती’ हा युक्तिवाद नाही, तो विषय झाला. लेखक काय ठामपणे सांगतो आणि कशाच्या विरोधात सांगतो, हे क्रियापदासह लिहिले, तरच पुढे दोन लेखकांची तुलना करता येते. शक्यतो ग्रंथ मिटवून स्वतःच्या शब्दांत लिहावे आणि मग ग्रंथ उघडून ताडून पाहावे. प्रस्तावनेतून उतरवलेले वाक्य लेखकाचा हेतू सांगते, त्याने प्रत्यक्षात सिद्ध काय केले ते सांगत नाही.

पद्धतीच्या रकान्यात ‘गुणात्मक’ किंवा ‘वर्णनात्मक’ असा एकच शब्द लिहून भागत नाही. लेखकाने पुरावा कोठून आणला आणि त्यावर कोणत्या प्रकारे विचार केला, या दोन्ही गोष्टी तेथे हव्यात. चार वाचनांपुरता तक्ता साधारण असा दिसेल:

| वाचन | युक्तिवाद | पद्धत व पुरावा |
|---|---|---|
| आंबेडकर, १९१६ | बहिर्विवाही समाजावर अंतर्विवाहाचा नियम लादला गेल्याने जात निर्माण झाली. | सेनार, नेसफील्ड, रिस्ले, केतकर यांच्या व्याख्यांची चिकित्सा. तार्किक मांडणी |
| घुर्ये, १९३२ | जात एकाच लक्षणाने सांगता येत नाही. तिची सहा लक्षणे एकत्र पाहावी लागतात. | संस्कृत ग्रंथ, जनगणनेचे अहवाल, शरीरमापनाची आकडेवारी |
| श्रीनिवास, १९५२ | जातींची उतरंड स्थिर नाही. वरच्या जातींचे आचार स्वीकारून एखादी जात वर सरकू शकते. | कोडगूतील समाजाचा अभ्यास. संरचनात्मक-प्रकार्यवादी दृष्टी |
| द्युमाँ, १९६६ | शुद्ध-अशुद्ध हा विरोध उतरंडीचा पाया आहे आणि प्रतिष्ठा ही सत्तेपासून वेगळी आहे. | ग्रंथ आणि क्षेत्रकार्याची वर्णने. संरचनावादी विश्लेषण |

(केतकर म्हणजे ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरच. त्यांचा जातीवरील इंग्रजी ग्रंथ १९०९चा आहे, आणि मराठी विद्यार्थी तो मूळ न वाचताच त्याचा उल्लेख करतात, असा आमचा अनुभव आहे.)

विषयसूत्रांचे रकाने मात्र सुरुवातीलाच आखू नयेत. अभ्यासक्रमातील घटकांची शीर्षके उचलून रकाने केले, तर तक्ता अभ्यासक्रमाचीच प्रत होतो, कारण शिक्षकांनी जे आधीच एकत्र ठेवले आहे तेच एकत्र राहते. सहा-सात वाचनांचे युक्तिवाद लिहून झाल्यावर कोणता प्रश्न पुन्हा पुन्हा येतो ते पाहावे आणि त्या प्रश्नालाच रकान्याचे शीर्षक द्यावे. घुर्ये जनगणनेतील जातींच्या क्रमवारीवर टीका करतात आणि निकोलस डर्क्स २००१च्या ग्रंथात वसाहतवादी राज्यसंस्था केंद्रस्थानी ठेवतात. या दोघांची वाचने बहुधा सत्राच्या दोन टोकांना येतात, पण ‘ब्रिटिश प्रशासनाने जातीचे काय केले?’ या रकान्यात ती शेजारी बसतात. शीर्षक प्रश्नाच्या रूपात असण्याचा फायदा असा की, प्रत्येक चौकटीत उत्तर लिहावे लागते, नुसता उल्लेख करून सुटका होत नाही.

याची गरज किती आहे, हे ‘अनुकरण’ या सूत्रावरून स्पष्ट होते. आंबेडकरांचा निबंध आणि श्रीनिवास यांचा ग्रंथ या दोहोंत खालच्या गटांनी वरच्यांचे अनुकरण केल्याची मांडणी आहे. रकान्याचे नाव नुसते ‘अनुकरण’ ठेवले, तर दोन्ही चौकटींत सारखीच नोंद होईल आणि आढाव्यात ‘श्रीनिवास यांनी आंबेडकरांच्याच मताला पुष्टी दिली’ असे वाक्य उतरेल. असे वाक्य आमच्या वाचनात अनेकदा आले आहे. रकान्याचे नाव ‘अनुकरणातून काय घडते?’ असे ठेवले, की दोन उत्तरे वेगळी पडतात. आंबेडकरांच्या मांडणीत एका वर्गाने स्वतःला बंदिस्त करून घेतले आणि इतरांनी त्या बंदिस्तपणाचे अनुकरण केले. म्हणजे तेथे अनुकरणातून जातीच तयार होतात आणि पसरतात. श्रीनिवास यांच्याकडे जाती आधीपासून आहेत. शाकाहार, मद्यवर्जन, कर्मकांड यांच्या अनुकरणाने एखाद्या जातीचे स्थान एक-दोन पिढ्यांत बदलते, पण उतरंड तशीच राहते. एका ठिकाणी अनुकरण हे उत्पत्तीचे कारण आहे, तर दुसऱ्या ठिकाणी ते गतिशीलतेचा मार्ग आहे.

आता त्याच दोन ओळींतील पद्धतीचा रकाना पाहावा. श्रीनिवास हयात समाजाचे आजचे व्यवहार पाहत आहेत आणि त्या पुराव्यावरून उत्पत्तीचा प्रश्न सुटत नाही, म्हणून तो त्यांच्या ग्रंथाचा विषयच नाही. आंबेडकर उत्पत्तीचा प्रश्न घेतात आणि तो क्षेत्रकार्याने नव्हे, तर व्याख्या तपासून आणि तर्काने सोडवतात. म्हणजे दोघांतील अंतर मतभेदाचे नसून प्रश्नाचे आणि पुराव्याचे आहे. ही गोष्ट केवळ युक्तिवादाच्या रकान्यातून कळली नसती आणि केवळ विषयसूत्राच्या रकान्यातूनही कळली नसती. तिन्ही एका ओळीत समोर असल्यामुळे ती दिसते. म्हणून तिन्हींसाठी तीन वेगळे तक्ते करणाऱ्या ग्राहकांना आम्ही एकच तक्ता ठेवून त्याची क्रमवारी बदलत जाण्याचा सल्ला देतो. एक्सेलमध्ये `Sort` वापरून आज पद्धतीनुसार आणि उद्या युक्तिवादानुसार ओळी लावता येतात. `Freeze Panes` वापरून ग्रंथाचा रकाना जागेवर ठेवला, तर उजवीकडे सरकतानाही कोणती ओळ कोणाची हे दिसत राहते. युक्तिवादानुसार गट करण्यासाठी मात्र एक लहानसा जादा रकाना लागतो. त्यात ‘उत्पत्ती विवाहनियमांत’, ‘पाया शुद्ध-अशुद्धतेत’, ‘आजचे रूप वसाहतकाळात’ अशी भूमिकेची छोटी खूण लिहावी, कारण पूर्ण वाक्ये अकारविल्हे लावून काही साध्य होत नाही.

रिकाम्या चौकटींकडे विशेष लक्ष द्यावे. चौकट तीन कारणांनी रिकामी राहते: तो भाग अद्याप वाचलेला नसतो, लेखक त्या प्रश्नावर गप्प असतो, किंवा लेखकाला तो प्रश्नच अमान्य असतो. तिन्हींसाठी वेगळी खूण ठरवून घ्यावी, उदाहरणार्थ `?`, `०` आणि `×`. वाचन अपुरे असताना ‘लेखकाने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले आहे’ असे लिहिणे हा मौखिक परीक्षेत सर्वांत आधी पकडला जाणारा दोष आहे. उलट, खऱ्या मौनातून पुष्कळ हाती लागते. ‘जात टिकवण्यात स्त्रीचे स्थान काय?’ हा रकाना वरून खाली वाचला, तर आंबेडकरांची चौकट भरलेली दिसते, कारण सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथांना ते अंतर्विवाह टिकवण्याची साधने मानतात. त्यानंतर बऱ्याच ओळींत हा प्रश्न कडेला राहतो. शर्मिला रेगे यांच्या १९९८च्या लेखाशी तो पुन्हा मध्यभागी येतो, पण वेगळ्या रूपात: स्त्रीत्वाची कल्पना सवर्ण झाली आणि दलितत्वाची पुरुषी, अशी चिकित्सा करून त्या दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी मांडतात. आंबेडकर विवाहाच्या नियमांबद्दल बोलतात, तर रेगे ज्ञान कोणाच्या जागेवरून घडते याबद्दल. मधल्या ओळींपुढची प्रत्येक `०` ही खूण पक्की करण्याआधी ग्रंथाची सूची आणि संबंधित प्रकरण पुन्हा पाहावे.

तक्ता भरत आला, की प्रत्येक विषयसूत्राच्या रकान्याखाली एक संश्लेषणाची ओळ लिहावी. ती कोणत्याही एका लेखकाबद्दल नसावी. अनुकरणाच्या रकान्याखाली पुढील वाक्य येऊ शकेल: ‘अनुकरणाची प्रक्रिया दोन्ही मांडण्यांत असली, तरी उत्पत्तीचा तर्काने शोध घेणारी मांडणी तिला जातिनिर्मितीचे कारण मानते, तर चालू व्यवहार पाहणारी मांडणी तिला स्थानबदलाचा मार्ग मानते.’ आढाव्यातील परिच्छेद या वाक्याने सुरू होतो आणि लेखकांची नावे त्यानंतर, आधार म्हणून येतात. ही ओळ लिहिता येत नसेल, तर दोष बहुधा रकान्यात असतो. सगळ्या चौकटी काठोकाठ भरलेला रकाना फार व्यापक असतो. ‘जात आणि समाज’ असे शीर्षक त्याच जातीचे. ज्यात एकच चौकट भरली आहे ते विषयसूत्र नव्हे, त्या एका ग्रंथाचे वैशिष्ट्य आहे, आणि ते त्याच्या युक्तिवादात सामावून घ्यावे. सत्रातील वीसेक वाचनांसाठी पाच ते सात विषयसूत्रे पुरतात. त्याहून अधिक झाली, तर एका दृष्टिक्षेपात तक्ता दिसत नाही आणि त्याचा मुख्य उपयोगच जातो.

तक्त्याची एक मर्यादाही सांगणे आवश्यक आहे. दोन-तीन वाक्यांच्या चौकटीत द्युमाँ यांच्यासारख्या लेखकाचा युक्तिवाद सपाट होतो, कारण तो ग्रंथभर पायरीपायरीने उभा राहतो. अशा दोन-तीन मुख्य ग्रंथांची सविस्तर टिपणे स्वतंत्र वहीत ठेवावीत आणि चौकटीत फक्त त्या पानाचा क्रमांक द्यावा.

आम्ही आपल्या तक्त्याची अक्षरजुळणी करून ए-थ्री आकारात आडवी छपाई करून देतो, तसेच पृष्ठांक आणि आवृत्त्या आपण आणलेल्या प्रतींशी ताडून पाहतो. युक्तिवादाचा आणि विषयसूत्रांचा मजकूर आम्ही लिहून देत नाही, कारण ते संशोधन आपले आहे. तक्ता `.xlsx` स्वरूपात आणावा आणि सोबत प्रत्येक ग्रंथाच्या शीर्षकपानाची व मुद्रणतपशिलाच्या पानाची छायाप्रत जोडावी.