हेडलेस ब्राउझरमधील चुकीची रुंदी : एका पिक्सेलचे दोन अर्थ

हेडलेस ब्राउझरने काढलेला स्क्रीनशॉट अपेक्षेपेक्षा अरुंद निघतो किंवा पीडीएफमध्ये पानाची मांडणी अचानक मोबाइलसारखी होते, तेव्हा बहुतेक जण एकच आकडा पुन्हा पुन्हा बदलून पाहतात. मात्र ‘रुंदी’ या एका शब्दामागे इथे तीन वेगळी मापे आहेत आणि ती वेगवेगळ्या काळात तयार झाली आहेत.

1996 मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती आली, तेव्हाच पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा प्रत्यक्ष ठिपका नव्हे, तर हातभर अंतरावरून दिसणारे एक संदर्भमाप, अशी व्याख्या केलेली होती. पुढे 2011 मध्ये शिफारस म्हणून मान्य झालेल्या सीएसएस 2.1 मध्ये एका इंचात 96 सीएसएस पिक्सेल हे नाते पक्के झाले. पडद्याचा ठिपका आणि सीएसएस पिक्सेल व्यवहारात एकच असल्यामुळे या भेदाची झळ बराच काळ फारशी कोणाला लागली नाही. 2010 मध्ये आयफोन 4 आला. त्याचा पडदा 640 ठिपके रुंद होता, पण वेबपानाला तो 320 पिक्सेलच सांगत असे. या दोन आकड्यांचे गुणोत्तर, म्हणजे 2, हाच डिव्हाइस स्केल फॅक्टर.

हेडलेस साधनांनी ही दोन्ही मापे स्वीकारली; मात्र तिथे खरा पडदा नसल्याने रुंदी कोणीतरी ठरवून देणे भाग होते. 2011 मध्ये आलेल्या फँटमजेएसमध्ये मूळ व्ह्यूपोर्ट 400 बाय 300 होता. 2017 मध्ये क्रोम 59 मध्ये हेडलेस सोय आली आणि त्यावर उभ्या राहिलेल्या पपेटिअरने 800 बाय 600 हे मूळ माप ठेवले. प्लेराइटमध्ये ते 1280 बाय 720 आहे. म्हणूनच साधन बदलले की कोडमधील बाकी काहीही न बदलता चित्राची रुंदी बदलते.

```
await page.setViewport({
  width: 1280, height: 800, deviceScaleFactor: 2
});
await page.goto(url);
```

या मापाने निघालेली पीएनजी फाइल 2560 ठिपके रुंद असते, पण पानाची मांडणी 1280 चीच राहते. फाइलची रुंदी पाहून चूक ओळखता येते : 800 आली तर व्ह्यूपोर्ट लागूच झालेला नाही, 1600 आली तर स्केल फॅक्टर लागला, पण रुंदी मूळचीच राहिली. अक्षरे धूसर दिसतात म्हणून `width` दुप्पट करणे ही नेहमीची चूक आहे, कारण त्याने अक्षरे रेखीव होत नाहीत, फक्त मांडणी अधिक रुंद होते. शंका असेल तर पानातच `innerWidth` आणि `devicePixelRatio` छापून पाहावे.

पीडीएफची गोष्ट निराळी आहे, कारण तिचे मूळ पडद्यात नसून छपाईत आहे. `page.pdf()` चालते तेव्हा ब्राउझर छपाईच्या शैली लावतो आणि मांडणी कागदाच्या रुंदीवर नव्याने करतो. ए4 कागद 210 मिलिमीटर, म्हणजे सुमारे 794 सीएसएस पिक्सेल रुंद असतो. दोन्ही बाजूंना 10 मिलिमीटर समास सोडला तर मजकुरासाठी 718 च उरतात. पानाचा ब्रेकपॉइंट 1024 वर असेल, तर व्ह्यूपोर्ट 1280 ठेवला तरी पीडीएफमध्ये अरुंद मांडणीच येणार. `deviceScaleFactor` वाढवूनही इथे काही साधत नाही, कारण पीडीएफमधील अक्षरे ठिपक्यांची नसून रेषांची असतात.

समास शून्य ठेवून `scale: 0.62` दिले, तर 794 भागिले 0.62, म्हणजे जवळपास 1280 पिक्सेलची मांडणी ए4 वर बसते. मात्र त्यामुळे 12 पॉइंटचा मजकूर साडेसात पॉइंटच्याही किंचित खाली जातो. कागदावर छापायचे नसेल तर `width: '1280px'` असा स्वतंत्र आकार देणे मला अधिक योग्य वाटते. आकार अजिबात दिला नाही, तर पपेटिअर लेटर कागद घेतो. `pdfinfo` मध्ये 612 बाय 792 पॉइंट दिसले की हेच घडले असे समजावे. ए4 चा आकडा सुमारे 595 बाय 842 असतो.

तरीही व्ह्यूपोर्ट पीडीएफमध्ये एका वाटेने शिरतो. जावास्क्रिप्टने काढलेले आलेख पान उघडतानाच खिडकीची रुंदी मोजून तेवढे मोठे होतात आणि छपाईच्या मांडणीत पुष्कळदा ते आपोआप आकसत नाहीत. 1280 रुंदीचा आलेख 794 च्या पानावर आला, तर तो उजवीकडे कापला जातो, किंवा त्याला सामावून घेण्यासाठी ब्राउझर सगळे पानच लहान करतो. सगळी अक्षरे एकदम बारीक झालेली दिसली, तर आधी असा एखादा रुंद आलेख किंवा तक्ता शोधावा. अशा पानासाठी `goto` च्या आधीच व्ह्यूपोर्टची रुंदी मजकुराच्या छापील रुंदीइतकी, म्हणजे समासासह ए4 साठी 718, ठेवली की आलेख मुळातच योग्य मापाचा काढला जातो.